पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन किती उतरतं, आणि जन्मवजन परत भरायला किती दिवस लागतात

तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर बाळ ठेवलं की खोलीत एकदम शांतता पसरते. "जन्मलं तेव्हा बत्तीसशे होतं ना, सिस्टर? मग आज एकोणतीसशे दहा कसं?" हा प्रश्न मी प्रसूतीनंतरच्या वॉर्डात इतक्या वर्षांत किती वेळा ऐकला असेल, मोजदाद नाही. विचारणारी कधी आजी असते, कधी बाबा. बाळाची आई बहुतेकदा काहीच बोलत नाही. तिच्या मनात एकच असतं, माझं दूध कमी पडतंय.

वजन उतरणं हे जवळजवळ प्रत्येक बाळाच्या बाबतीत होतं. पण "होतंच, काळजी करू नका" एवढं सांगून आईला घरी पाठवणं मला पटत नाही. कारण क्वचित एखाद्या बाळाचं वजन उतरायचं थांबतच नाही, आणि ते घरी गेल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हे उतरणं कसं मोजायचं, कुठे थांबायला हवं आणि कधी वर वळायला हवं, हे इथे क्रमाने सांगते. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं, अंगावर पिणारं, एरवी ठणठणीत बाळ मी डोळ्यांसमोर ठेवलं आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं गणित वेगळं असतं. त्यांचं वजन जास्त टक्के उतरू शकतं, भरून यायला वेळही जास्त लागतो, आणि त्यांच्या मर्यादा त्यांचे डॉक्टरच ठरवतात.

वजन जातं कुठे

नवजात बाळाच्या शरीराचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. पोटात असताना त्या पाण्याची गरज असते, बाहेर आल्यावर तेवढं लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं हे जादा पाणी लघवीवाटे काढून टाकतात. काही श्वासातून आणि त्वचेतून जातं. शिवाय पोटात असताना आतड्यात साठलेली काळी, डांबरासारखी चिकट शी बाहेर पडते. तिचंही वजन असतं.

त्याच वेळी आत जाणारं दूध अगदी थोडं असतं. पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळेला साधारण २ ते १० मिलीलिटर चीक पितं, म्हणजे अर्धा ते दोन छोटे चमचे. दुसऱ्या दिवशी हे ५ ते १५ मिलीलिटरवर जातं, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. म्हणजे पहिले दोन दिवस जाणारं जास्त आणि येणारं कमी, हा निसर्गाचाच हिशोब आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईचं दूध भरून येतं आणि पारडं फिरतं. वजनही त्याच सुमाराला खाली जायचं थांबतं. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. वजन कधी वळणार हे समजायचं असेल तर दूध कधी उतरलं ते आधी विचारावं.

पहिली पायरी: नीट वजन करा

घरच्यांच्या काळजीतली निम्मी काळजी काट्यातून येते, असं माझं मत आहे. दवाखान्यात एका काट्यावर ३,२०० ग्रॅम आणि घराजवळच्या दुसऱ्या काट्यावर ३,०८० दिसलं, तर त्यातले शंभर ग्रॅम काट्याकाट्यातल्या फरकाचेही असू शकतात. म्हणून जमेल तितकी सगळी वजनं एकाच काट्यावर करा. काटा बाळांचाच हवा, ५ किंवा १० ग्रॅमचा फरक दाखवणारा. मोठ्या माणसांच्या काट्यावर आधी आपण एकटं आणि मग बाळाला घेऊन उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची, ही युक्ती इथे उपयोगाची नाही. तो काटा बहुतेकदा शंभर-शंभर ग्रॅमच्या टप्प्यांनी दाखवतो, आणि आपल्याला तीस ग्रॅमचा फरक बघायचा असतो.

बाळाला पूर्ण उघडं करून वजन करा, डायपरही काढून. ओला डायपर शंभर ग्रॅमच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे काल कोरडा आणि आज ओला डायपर असला, तर बाळाचं वजन "वाढलेलं" दिसेल आणि सगळे निर्धास्त होतील. पाजण्याआधी आणि शक्यतो रोज त्याच सुमाराला मोजा. काट्यावर मऊ कापड घातलं असेल तर आधी काटा शून्यावर आणा, मग बाळ ठेवा. बाळ हातपाय हलवत असताना आकडा नाचतो. तो स्थिर होईपर्यंत थांबा आणि लगेच लिहून ठेवा. तारखेसोबत वेळही लिहा, कारण पुढचा सगळा हिशोब जन्मापासून किती तास झाले यावर आहे.

दुसरी पायरी: ग्रॅम नाही, टक्के काढा

दोनशे ग्रॅम उतरले म्हणजे किती? अडीच किलोच्या बाळाला ते ८ टक्के होतात, चार किलोच्या बाळाला ५ टक्के. म्हणून गणित असं करायचं:

```
(जन्मवजन − आजचं वजन) ÷ जन्मवजन × 100
```

तोंडी हिशोबाला सोपी युक्ती आहे. जन्मवजनातलं शेवटचं शून्य काढा, १० टक्के किती ते कळतं. ३,२०० चं झालं ३२०. म्हणजे या बाळाची १० टक्क्यांची रेघ २,८८० वर येते. हा एकच आकडा फाईलच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता नेहमीचं म्हणजे किती. उत्तर कॅलिफोर्नियात जन्मलेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या एक लाखाहून जास्त बाळांच्या वजनांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तासागणिक वजन कसं उतरतं ते बघितलं होतं. नॉर्मल प्रसूतीच्या बाळांमध्ये मधलं बाळ, म्हणजे निम्मी बाळं त्याच्या वर आणि निम्मी खाली असं बाळ, ४८ तासांना साधारण ७ टक्के उतरलेलं होतं आणि ७२ तासांना थोडं सावरलेलं. सिझरच्या बाळांमध्ये उतार जास्त वेळ चालू राहतो. ४८ तासांना ८ टक्के, ७२ तासांना साडेआठच्या जवळ, आणि मग चौथ्या दिवशी वर येणं. सिझरच्या बाळांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त बाळं ७२ तासांपर्यंत १० टक्के किंवा त्याहून अधिक उतरलेली होती. म्हणून सिझर झालेल्या आईला शेजारच्या खाटेवरच्या नॉर्मल झालेल्या बाळाशी तुलना करू देऊ नका.

पावडरच्या दुधावर असलेली बाळं कमी उतरतात, बहुतेक ३-४ टक्क्यांत थांबतात, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून जास्त दूध मिळतं. त्यामुळे वरच्या दुधावरचं बाळ ८ टक्के उतरलं असेल तर ते अंगावर पिणाऱ्या बाळाच्या ८ टक्क्यांसारखं नाही. त्याची लवकर चौकशी व्हायला हवी.

या सगळ्यावरून मी एवढं धरते. ७ टक्क्यांपर्यंत बाळाचं पिणं नीट चाललं आहे ना एवढं बघायचं. ७ ते १० च्या मध्ये असेल तर कुणीतरी जाणत्या माणसाने एक पूर्ण पाजणं डोळ्यांनी बघायलाच हवं. १० च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बाळ तपासावं. १० टक्के ओलांडलं म्हणजे बाळ आजारी आहे असं नव्हे, पण ते तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि ७ टक्के पहिल्याच चोवीस तासांत उतरले असतील, तर ते तिसऱ्या दिवशीच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त लक्ष देण्यासारखे आहेत.

सलाईनचं वजन

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आईला फारशी कुणी सांगत नाही. प्रसूतीच्या वेळी, विशेषतः सिझरच्या आधी, आईला शिरेतून बरंच सलाईन दिलं जातं. त्यातलं काही पाणी बाळाकडेही जातं. बाळ थोडं फुगलेलं जन्माला येतं, जन्मवजन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि पहिल्या चोवीस तासांत ते पाणी लघवीतून निघून गेलं की घट मोठी दिसते. अशा बाळाने पहिल्या दिवशी भरपूर लघवी केलेली असते, हीच त्याची खूण. म्हणून काही ठिकाणी चोवीस तासांच्या वजनालाही आधार धरून दुसरा हिशोब करतात. मी दोन्ही हिशोब करते. पण सावध राहा: सलाईन दिलं होतं एवढ्यावरून प्रत्येक घटीला माफी देता येत नाही. ते पाणी पहिल्या दिवसात निघून जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही वजन उतरत असेल तर त्याचा दोष सलाईनवर टाकू नका.

एक बाळ, चौदा दिवस

सुरुवातीला सांगितलेलं ३,२०० ग्रॅमचं बाळ घेऊ. सोमवारी सकाळी दहा वाजता सिझर. आईचं पहिलंच बाळंतपण.

मंगळवारी सकाळी वजन ३,०६०. घट १४० ग्रॅम, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. बाळाने चोवीस तासांत चार वेळा लघवी केली होती. पहिल्या दिवशी एक-दोन वेळा झाली तरी पुरे असते, त्यामुळे सलाईनच्या पाण्याचा संशय इथेच येतो. बुधवारी सकाळी २,९५०, घट ७.८ टक्के. आईचे स्तन अजून मऊ, दूध उतरल्याची खूण नाही. सिझर आणि पहिलं बाळंतपण या दोन्हींत दूध उतरायला थोडा उशीर होतो, हे माहीत होतं.

गुरुवारी सकाळी ७२ तास झाले आणि काट्यावर २,९१० दिसलं. घट ९ टक्के. १० टक्क्यांची रेघ २,८८० वर, म्हणजे तीस ग्रॅम लांब. चोवीस तासांच्या ३,०६० वरून मोजलं तर घट ५ टक्क्यांच्या आतच. आकडे दोन्ही बाजूंनी बोलत होते, म्हणून काटा बाजूला ठेवून बाळाचं पिणं बघायचं ठरलं.

बाळ तोंडात फक्त स्तनाग्र धरत होतं. ओठ आत मुडपलेले, गाल दर ओढीला आत जायचे. पाच-सात भराभर चोखणी, मग डोळे मिटले. गिळण्याचा आवाज नाही. चार मिनिटांत झोपलं, आणि आईला वाटलं, पोट भरलं. बाळ सुटलं तेव्हा स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दाबलेलं दिसलं. ही अगदी खात्रीची खूण: पकड वरवरची आहे.

मग बदल केले. आईला पाठीमागे टेकून बसवलं, टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून बाळ तिच्या काखेखालून, पाय मागे अशा स्थितीत घेतलं. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, हनुवटी स्तनाला टेकलेली. बाळाने मोठा आ केला की त्याच क्षणी त्याला जवळ ओढायचं, म्हणजे खालच्या बाजूचा काळसर भाग जास्त तोंडात जातो. चोखणं मंदावलं की आईने स्तन हाताच्या पंजात धरून हलकेच दाबायचा, तसाच धरून ठेवायचा, बाळ पुन्हा ओढू लागतं. पाजणं दर दोन-अडीच तासांनी, रात्रीही, बाळ झोपलेलं असलं तरी उठवून. दिवसभरात किमान आठ ते बारा वेळा. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटं हाताने दूध काढायचं आणि निघेल तेवढं चमच्याने बाळाला द्यायचं. पहिल्या वेळी ४ मिलीलिटर निघाले. आईचा चेहरा पडला. पण संध्याकाळी १० निघाले, आणि रात्री उशिरा तिला स्तन जड, गरम लागायला लागले.

शुक्रवारी सकाळी २,९२०. फक्त दहा ग्रॅम वाढ. घरच्यांना ती काहीच वाटली नाही. मला मात्र तोच आठवड्यातला सगळ्यात चांगला आकडा वाटला, कारण वजन वळलं होतं. बाळ पिताना आता एक-दोन ओढींमागे "क्ह" असा गिळण्याचा हलका आवाज येत होता, आणि शीचा रंग काळ्यावरून शेवाळी हिरवट झाला होता.

पुढे रविवारी सकाळी, म्हणजे सहा दिवसांचं झाल्यावर, २,९८५. बुधवारी, नवव्या दिवशी, ३,०७५. तीन दिवसांत नव्वद ग्रॅम, म्हणजे रोजचे तीस. त्यापुढच्या रविवारी, तेराव्या दिवशी, ३,१९५. सोमवारी ३,२२०. जन्मवजन चौदाव्या दिवशी ओलांडलं.

चौदा दिवस म्हणजे उशीर नाही का? नाही. फक्त अंगावर पिणाऱ्या असोत वा नसोत, सगळ्या बाळांचा मिळून पाहिलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, निम्मी बाळं नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत जन्मवजनावर परतली होती. पण चौदाव्या दिवशी नॉर्मल प्रसूतीची १४ टक्के आणि सिझरची २४ टक्के बाळं अजून जन्मवजनाच्या खालीच होती. एकविसाव्या दिवशी हे प्रमाण ५ आणि ८ टक्क्यांवर आलं. "दहा दिवसांत वजन भरायलाच हवं" असं कुणी सांगितलं तर लक्षात घ्या की जवळपास निम्म्या बाळांना त्याहून जास्त दिवस लागतात. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही तीन आठवड्यांत जन्मवजन भरून आलं नाही तर तपासणी करावी, असं आहे.

तरी मी स्वतः चौदाव्या दिवशी एकदा थांबून बघते. बाळ जन्मवजनाच्या खाली आहे, पण पाचव्या दिवसापासून रोज वीस ते पस्तीस ग्रॅम वाढतंय, तर ते फक्त खोल खड्ड्यातून वर येतंय, त्याला वेळ द्यायचा. जन्मवजनाच्या खाली आहे आणि रोजची वाढ दहा-बारा ग्रॅमच आहे, तर एकविसाव्या दिवसाची वाट बघायची नाही.

तिसरी पायरी: दोन वजनांच्या मध्ये लंगोट बघा

घरी काटा नसतो, आणि रोज वजन करायची गरजही नसते. तेव्हा लंगोट हाच काटा. पहिल्या दिवशी किमान एक लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, चांगल्या जड आणि फिकट रंगाच्या. डायपरमध्ये लघवी झाली की नाही कळत नसेल तर आत कापसाचा बोळा किंवा मऊ कागद ठेवा. नाहीतर पहिला आठवडा कापडी लंगोट वापरा, मोजायला सोपं जातं.

शीचा रंग तर वजनाआधी बातमी देतो. काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोहरीच्या दाण्यांसारखी पिवळी पातळ शी, दिवसातून तीन-चार वेळा. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर बाळाच्या पोटात पुरेसं दूध जात नाही, असं समजून त्याच दिवशी वजन करा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा लालसर-केशरी डाग दिसतो. आई घाबरते, तिला रक्त वाटतं. ते लघवीतले क्षार असतात, आणि तेव्हा ते चालतात. तोच डाग चौथ्या दिवसानंतर दिसला तर मात्र लघवी घट्ट आहे, दूध कमी पडतंय.

"वजनातली घट सामान्य" असं लिहिलेलं एक बाळ

हे बाळ मी विसरू शकत नाही. जन्मवजन २,८६० ग्रॅम, नॉर्मल प्रसूती. चोवीस तासांना २,७७०, अठ्ठेचाळीस तासांना २,७००, आणि घरी सोडताना, साठ तासांना, २,६७०. घट ६.६ टक्के. फाईलवर लिहिलं होतं, वजनातली घट सामान्य. आकडा खरंच सामान्य होता. पण आईचं दूध तेव्हा उतरलेलं नव्हतं, आणि शेवटचं वजनही अजून खालीच येत होतं. वळण बघायच्या आधीच बाळ घरी गेलं, आणि पुढच्या दोन दिवसांत वजन बघायला कुणी बोलावलं नाही.

सहाव्या दिवशी ते कावीळ दाखवायला आलं. आई म्हणाली, बाळ फार गुणी आहे, अजिबात रडत नाही, पाच-पाच तास झोपतं. काट्यावर २,५३०. घट साडेअकरा टक्के. ओठ कोरडे, लंगोटावर विटेच्या रंगाचा डाग, शी दोन दिवस नाही. रक्तात सोडियम वाढलेलं निघालं.

शरीरातलं पाणी कमी पडलं की रक्तातलं मीठ दाट होतं. अशा बाळाला रडायलाही ताकद राहत नाही, म्हणून ते गुणी वाटतं. टाळू खोल गेलेली दिसेल म्हणून वाट बघू नका, या प्रकारात ती उशिरापर्यंत नीट दिसू शकते. आणि घरी पाणी पाजून हे भरून काढायला जाऊ नका. सोडियम झपाट्याने खाली आलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. दवाखान्यातही ते तासागणिक, रक्त तपासत, सावकाश उतरवतात. ते बाळ बरं झालं, आईचं दूधही टिकलं. पण दोन दिवस आधी एकदा वजन झालं असतं तर तिला हे सगळं बघावं लागलं नसतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. वजन खाली येत असताना बाळ घरी जात असेल तर फाईलवर पुढच्या वजनाची तारीख आणि वेळ लिहूनच देते, एक-दोन दिवसांच्या आतली. तुम्हालाही तसंच सोडलं तर तारीख विचारून घ्या. त्यानंतर पाचव्या दिवसाच्या आसपास एक वजन, आणि मग दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान एक. मधला रस्ता चांगला दिसत असेल तर एवढं पुरतं.

उतार थांबत नसेल तर काय करायचं, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी पकड आणि पाजण्याची वारंवारता, वरच्या बाळाच्या बाबतीत सांगितली तशी. बहुतेकांचं काम इथेच होतं. त्यावर भागलं नाही तर आईचंच काढलेलं दूध चमच्याने किंवा छोट्या वाटीने. ते पुरेसं निघत नसेल तर उपलब्ध असल्यास दूधपेढीचं दूध, नाहीतर पावडरचं. किती द्यायचं हे डॉक्टर बाळ बघून ठरवतील, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर पाजल्यानंतर १०-२० मिलीलिटरपासून सुरुवात करायला सांगणं नेहमीचं आहे. वरचं दूध द्यावं लागलं म्हणून आईने अपराधी वाटून घेऊ नये. मात्र जितक्या वेळा वरचं दूध दिलं, तितक्या वेळा तिने स्वतःचं दूध काढलंच पाहिजे. स्तन रिकामा झाला नाही तर शरीर समजतं की मागणी कमी आहे, आणि दूध आटायला लागतं. वरचं दूध कायमचं व्हायचं कारण बहुतेकदा हेच असतं.

पाजणं नीट आहे, तरी पाचव्या दिवसापर्यंत दूध भरून आलंच नाही, तर आईला तपासायला हवं. गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला असेल, प्रसूतीत फार रक्तस्राव झाला असेल, थायरॉईडचा त्रास असेल, आधी स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दूध उशिरा किंवा कमी येतं. मधुमेह असलेल्या आईचं दूधही उशिरा उतरू शकतं. आणि दूध भरपूर आहे, बाळ गिळतंय, लघवी होतेय, तरी वजन वाढत नाही, तर कारण बाळात शोधायचं. पिताना कपाळाला घाम येणं आणि धाप लागणं यावरून हृदयाचा संशय घेतात. लघवीतला जंतुसंसर्गही असाच गुपचूप वजन अडवतो.

काही खुणांवर मात्र वजनाची वाट न बघता लगेच निघायचं: बाळ उठवूनही उठत नाही किंवा दोन वेळा लागोपाठ पीत नाही, रडणं क्षीण झालंय, चौथ्या दिवसानंतर आठ तास लघवी नाही, पिवळेपणा पोटावर, पायांवर उतरलाय, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त आहे, किंवा अंग गार पडलंय.

वजन वळल्यानंतर

एकदा वजन वर जायला लागलं की काटा थोडा लांब ठेवा. रोजची तीस ग्रॅम ही सरासरी आहे. एखाद्या दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी साठ असंही होतं, एका मोठ्या शीनेही तेवढा फरक पडतो. रोज मोजलं तर रोज घाबरायला कारण मिळेल. आठवड्यातून एक-दोनदा मोजा आणि मधल्या दिवसांनी भागा. आठवड्याला १५० ते २०० ग्रॅमच्या आसपास वाढ असेल तर ठीक आहे.

त्या ३,२२० ग्रॅमच्या बाळाच्या आईने चौदाव्या दिवशी मला विचारलं, आता रात्रीचे गजर बंद केले तर चालतील का? चालतील, म्हटलं. जन्मवजन भरून आलंय, वाढ चालू आहे, आता रात्री बाळ स्वतः उठेल तेव्हा पाज. दिवसा मात्र तीन तासांच्या वर जाऊ देऊ नकोस. तिने तिथेच, खुर्चीवर बसून, फोनमधले अडीच तासांचे सगळे गजर एकेक करून काढून टाकले.